रोज हरिपाठ लावणाऱ्या आजी-आजोबांसाठी मोठ्या अक्षरांचा, संथ व्हिडिओ: संहिता कशी लिहू?

रानजाई

नमस्कार मंडळी. माझी आजी रोज संध्याकाळी दिवा लावला की टीव्हीवर यूट्यूबचा हरिपाठ लावते. वय ८४, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. पाठ असलेले अभंग ती म्हणते, पण मध्येच अडखळते आणि मग पडद्याकडे बघते. तिथे अक्षरं असतात, पण ती विठ्ठलाच्या पायावरून सरकत जातात, मागे पाकळ्या पडत असतात, आणि आजी ओळ शोधेपर्यंत पुढची ओळ आलेली असते.

म्हणून मीच ज्ञानेश्वरांच्या हरिपाठाचा एक व्हिडिओ करायचं ठरवलंय. आवाज आमच्या भजनी मंडळातले एक काका देणार आहेत. माझ्याकडे लॅपटॉप आहे आणि जेमतेम एडिटिंग येतं. पण संहिता लिहायला बसले आणि अडले. अभंग तर तयारच आहेत, मग संहितेत लिहायचं काय? सध्या माझ्या वहीत असं आहे:

सुरुवात: "नमस्कार, आमच्या चॅनेलवर आपलं स्वागत आहे..." मग अभंग १, त्याखाली अर्थ, मग अभंग २, अर्थ, असं शेवटपर्यंत. एका पाटीवर एक पूर्ण अभंग. पार्श्वभूमीला विठ्ठल.

काय बदलू? अक्षर किती मोठं घेऊ? कुणी असं काम केलं असेल तर सांगा.

देशपांडे_नाशिक

एवढा खटाटोप कशाला? आजींच्या मोबाईलमध्ये सेटिंगला जाऊन फॉन्ट साइज सगळ्यात मोठा करा. आमच्या बाबांना तसं करून दिलंय, आता व्हॉट्सअ‍ॅपवरचे सुप्रभातचे संदेश स्वतः वाचतात. फक्त त्यांना ते उलट पाठवायलाही यायला लागलंय, ती वेगळी डोकेदुखी.

रानजाई

काका, पण आजी टीव्हीवर बघते. आणि व्हिडिओतली अक्षरं सेटिंगने मोठी होतात का?

खिळेजुळारी

नाही होत. व्हिडिओतली अक्षरं म्हणजे चित्रच. देशपांडेसाहेब म्हणतात ते फोनच्या मेनूला आणि फार तर सबटायटलला लागू. सबटायटलचा आकार बदलता येतो, पण ती खाली, तुमच्याच ओळींवर येऊन बसतात. तेव्हा जे काही मोठं करायचं ते तुम्हीच आधी करून ठेवायचं.

मी आधी छापखान्यात आणि मग बरीच वर्षं टीव्हीच्या टायटल्सवर काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, फॉन्टच्या आकड्यावर जाऊ नका. एका फॉन्टचा १०० आणि दुसऱ्याचा १०० यांत पडद्यावर पाव अंतर पडू शकतं. "क" घ्या आणि शिरोरेषेपासून पायापर्यंत मोजा. मी मोठ्या माणसांसाठी ही उंची पडद्याच्या उंचीच्या एक दशांश धरतो. तुमचा व्हिडिओ १०८० पिक्सेल उंच असेल तर "क" साधारण १०८ पिक्सेल.

एवढा मोठा का, ते बघा. ३२ इंची टीव्हीच्या चित्राची उंची ४० सेंमीच्या आसपास असते. त्यात "क" येतो ४ सेंमीचा. खाटेवरून किंवा खुर्चीवरून, दहा फुटांवरून तो आरामात दिसतो. टीव्हीपुरतं अडीच सेंमीवरही भागलं असतं. पण हाच व्हिडिओ कुणीतरी फोनवर बघणार, आणि म्हातारी माणसं फोन आडवा करत नाहीत. उभ्या फोनवर चित्राची उंची उरते जेमतेम ४ सेंमी. तिथे आपला "क" होतो ४ मिलिमीटरचा, म्हणजे वर्तमानपत्रातल्या मजकुरापेक्षा बराच मोठा. अडीच सेंमीवाला घेतला असता तर तो अडीच मिलिमीटर झाला असता आणि फोन नाकाला लावावा लागला असता.

आता एवढ्या अक्षरात पूर्ण अभंग एका पाटीवर बसणारच नाही. बसवायचाही नाही. एका पाटीवर एक कडवं. आणि इथे हरिपाठ तुमच्यावर मेहरबान आहे. त्याच्या कडव्यात चार चरण, अक्षरं सहा-सहा-सहा-चार. म्हणून असं लिहा:

देवाचिये द्वारीं
उभा क्षणभरी
तेणें मुक्ति चारी
साधियेल्या

चार छोट्या ओळी. ओळ ते ओळ २०० पिक्सेल धरलं तर ८०० झाले, वर-खाली जागा उरते. वेलांट्या, मात्रा, रफार यांना इंग्रजीपेक्षा जास्त हवा लागते, म्हणून २०० च्या खाली जाऊ नका. रुंदीत तर भरपूर मोकळं राहतं. सॉफ्टवेअरला स्वतःहून ओळ तोडू दिलीत तर ते "तेणें मुक्ति" वर तोडेल आणि "चारी" खाली ढकलेल. म्हणणाऱ्याचा श्वास तिथे तुटत नाही, म्हणून डोळा चुकतो. संहितेतच ओळी तोडून लिहा आणि एडिटिंगवाल्याला बजावून ठेवा की याला हात लावायचा नाही.

चकली_भाजणी

वा, खिळेजुळारी! पण विठ्ठल काढून टाकू नका हो. माझ्या सासूबाई विठ्ठल दिसल्याशिवाय हात जोडत नाहीत. अक्षरांच्या मागे फिकट करून ठेवला की झालं, दोन्ही साधतं. मी आमच्या बचत गटाच्या व्हिडिओत तसंच केलंय. अक्षरांना पिवळी चमकही दिली, छान उठून दिसतात.

अस्मिता_चष्मेवाली

मी डोळे तपासण्याचं काम करते, म्हणून मध्ये बोलते. चकलीताई, चित्र हवं हे पटलं, पण अक्षरांच्या मागे नको. विठ्ठल कितीही फिकट केला तरी त्याच्या कपाळावरचा गंधाचा भाग उजळ आणि दंड काळे राहतात. म्हणजे एकाच ओळीत अर्धी अक्षरं उठतात, अर्धी बुडतात. तरुण डोळा ते सावरून घेतो. मोतीबिंदूच्या डोळ्याला सगळंच धुक्यातून दिसतं, त्याला सावरता येत नाही.

आणि चमक तर मुळीच नको. "घ" आणि "ध", "भ" आणि "म" यांत फरक किती असतो? शिरोरेषेतली एक छोटी फट किंवा गाठ. चमक, सावली, फार जाड अक्षर यांनी ती फट बुजते. वरच्याच कडव्यात "उभा", "क्षणभरी", "साधियेल्या" बघा. "उभा"चं "उमा" दिसलं तर आजी थांबणारच. अक्षर मध्यम जाड घ्या, आतली पोकळी उघडी असलेलं. मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी चालेल, कुठलाही साधा फॉन्ट चालेल.

रंगाचं म्हणाल तर गडद पार्श्वभूमीवर फिकट क्रीम अक्षरं. ज्यांचं भिंग गढूळ झालंय त्यांना पांढरा पडदा दिव्यासारखा डोळ्यांवर येतो, म्हणून गडद बाजू बरी. मात्र अगदी काळ्यावर अगदी पांढरं नको, अक्षराभोवती वलय दिसतं. वयाबरोबर भिंग पिवळसर होतं, त्यामुळे निळा-जांभळा रंग आहे त्याहून काळा दिसतो. काळ्यावर निळी अक्षरं म्हणजे नाहीतच. आणि भक्तीच्या व्हिडिओत हमखास असतं ते भगव्यावर लाल. तुमचा फोन कृष्णधवल करून ती पाटी बघा, अक्षरं गायब होतात. हीच परीक्षा तुमच्या प्रत्येक पाटीला लावा.

चकली_भाजणी

अगंबाई, फोनवर करून बघितलं. माझ्या व्हिडिओत "लोणचे" शब्दच दिसत नाहीये. मग विठ्ठल ठेवायचा कुठे ते सांगा.

खिळेजुळारी

स्वतंत्र. प्रत्येक अभंगाआधी पूर्ण पडदाभर, चार-पाच सेकंद, स्थिर. झूम नाही, फिरणारी वलयं नाहीत, पाकळ्या नाहीत. ज्यांना चक्कर येते त्यांना सरकता पडदा फार त्रास देतो. सासूबाई तेवढ्यात हात जोडतील. मग साधी पाटी.

एका कोपऱ्यात "अभंग ७" असं लिहून ठेवा, कायम. फोन आला, औषध घ्यायला उठल्या, परत आल्या की पोथीत कुठे आहोत ते कळतं. मजकूर कडेला चिकटवू नका. जुने टीव्ही चित्राच्या कडा थोड्या कापतात.

आणि रानजाई, अक्षरं तपासून घ्या. काही एडिटिंग सॉफ्टवेअर देवनागरी नीट जोडत नाहीत. "मुक्ति" टाकलं की वेलांटी भलत्याच जागी जाते किंवा क चा पाय मोडलेला दिसतो. "द्वारीं", "मुक्ति", "ज्ञानदेव", "व्यासाचिया" हे चार शब्द टाइप करून बघा. एकही बिघडला तर तिथे लिहू नका. लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये पाट्या करा, चित्र म्हणून काढा आणि व्हिडिओत चित्रंच लावा.

टाळकरी_फलटण

रामकृष्णहरी माऊली. सगळं वाचलं. अक्षरांचं झालं, पण हरिपाठ म्हणायचा असतो, वाचायचा नाही. फडावर एकजण म्हणतो, मागचे झेलतात. "हरि मुखें म्हणा" हे ध्रुपद पुन्हा पुन्हा येतं. व्हिडिओवाले हे सगळं कापून सरळ अठ्ठावीस अभंग एका दमात पळवतात आणि वर "जलद हरिपाठ" असं लिहितात. आजीला म्हणायला जागाच ठेवत नाहीत.

तुमच्या संहितेत नुसते शब्द आहेत. थांबणं कुठे आहे? काकांनी कडवं म्हटलं की त्यांनी गप्प बसायचं, मागे टाळ चालू, आणि पाटी हलवायची नाही. तेवढ्यात आजी म्हणेल. तिचं झालं की पुढची पाटी.

सुरुवात "जय जय रामकृष्ण हरी" ने करा. चॅनेलचं स्वागत वगैरे नको, दिवा लावलेला असतो.

रानजाई

हे डोक्यातच आलं नव्हतं. पण माऊली, मग किती लांब होईल? आजीला पाठीचा त्रास आहे.

खिळेजुळारी

हिशोब करू. एका कडव्यात २२ अक्षरं. संथ म्हटलं तर सेकंदाला दोन अक्षरं, म्हणजे ११ सेकंद. बहुतेक अभंग चार कडव्यांचे. नुसतं म्हणणं धरलं तर चार कडवी ४४ सेकंद, ध्रुपद ११, चित्र ५, मिळून एक मिनिट. अठ्ठावीस अभंगांना २८ मिनिटं. आजीला प्रत्येक कडवं आणि ध्रुपद परत म्हणू दिलं तर म्हणणं दुप्पट, १ मिनिट ५५ सेकंद, आणि पूर्ण हरिपाठ ५४ मिनिटांचा.

दोन व्हिडिओ करा. एक सोबत म्हणायचा, २८ मिनिटांचा, ज्यात काका आणि आजी एकत्र म्हणतात. दुसरा झेलून म्हणायचा, एकादशीला वगैरे. पाट्या त्याच, फक्त अंतर बदलतं.

मात्र सेकंदाला दोन अक्षरं हा माझा आकडा. तुमच्या आजीचा घ्या. पोथी न देता पहिला अभंग म्हणायला सांगा, फोनवर घड्याळ लावा, आणि काकांना त्याच चालीने म्हणायला लावा. रेकॉर्डिंग झाल्यावर सॉफ्टवेअरमध्ये ताणून संथ करू नका, आवाज पिठात पडल्यासारखा होतो.

टाळकरी_फलटण

ताल आजीच्या गतीचा, हे एकदम कबूल. पण चाल फार ओढली की चालच राहत नाही, तेही सांगून ठेवतो. सेकंदाला दोन अक्षरं मला सुस्त वाटतात.

खिळेजुळारी

वाटणारच, तुम्ही दिंडीत चालणारे. खुर्चीत बसलेल्या ८४ वर्षांच्या बाईंना श्वास लागतो.

रानजाई

मग पहिल्या अभंगाची संहिता आता अशी लिहिली. बघा आणि चुका काढा. ही झेलून म्हणायच्या व्हिडिओची आहे.

०:०० विठ्ठलाचं चित्र, स्थिर. फक्त तानपुरा.
०:०८ आवाज: जय जय रामकृष्ण हरी. पाटीवर तेच शब्द, दोन ओळींत. दोनदा.
०:२४ पाटी: अभंग १. आवाज नाही.
०:२८ पाटी: देवाचिये द्वारीं / उभा क्षणभरी / तेणें मुक्ति चारी / साधियेल्या. अजून आवाज नाही.
०:३० काका म्हणतात.
०:४१ काका थांबतात, टाळ चालू. पाटी तीच. आजीची पाळी.
०:५२ पाटी बदलते: हरि मुखें म्हणा / हरि मुखें म्हणा / पुण्याची गणना / कोण करी.
०:५४ काका म्हणतात.

पुढेही असंच.

खिळेजुळारी

छान. दोन सेकंद आधी पाटी आणलीत ते सगळ्यात महत्त्वाचं, कारण डोळा ओळीवर बसायला वेळ लागतो. पण माझ्या ११ सेकंदांत हे दोन सेकंद धरले नव्हते, म्हणजे ५४ ची चार-पाच मिनिटं वाढतील. पाटी बदलताना एकदम बदला किंवा अगदी हलकं विरघळू द्या. बाजूने सरकत यायला नको.

अस्मिता_चष्मेवाली

आवाजाबद्दल एक. वयानुसार आधी वरच्या पट्टीचं ऐकू येणं कमी होतं, म्हणून "स", "श", "थ" सारखे वर्ण हरवतात. त्यावर टाळ जोरात असला तर उरलंसुरलं झाकतं, आणि कानयंत्र असेल तर टाळ नुसता टोचतो. टाळ खूप मागे ठेवा. आवाज डाव्या-उजव्या बाजूंना वाटू नका, मध्येच ठेवा. पुष्कळांचा एकच कान चालतो.

टाळकरी_फलटण

टाळ मागे ठेवा, ठीक. पण काढू नका. टाळ गेला की हरिपाठाची शाळा होते.

देशपांडे_नाशिक

माझा मुद्दा वेगळा आहे. तुम्ही अर्थ काढून टाकणार का? आमचे बाबा अर्थाशिवाय ऐकत नाहीत. "व्यासाचिया खुणे" म्हणजे काय ते त्यांना रोज नव्याने विचारायचं असतं.

रानजाई

टाळकरी माऊलींच्या म्हणण्यावरून मी काढायच्या विचारात आहे. मध्ये अर्थ आला की ताल तुटतो.

देशपांडे_नाशिक

ताल तुटेल पण समजेल तरी. नुसतं तोंडाने म्हणून काय उपयोग?

टाळकरी_फलटण

साहेब, "हरि मुखें म्हणा" असंच लिहिलंय त्यात.

खिळेजुळारी

भांडू नका. अर्थाचे वेगळे छोटे व्हिडिओ करा, एका अभंगाचा एक. रोजच्या पाठात अर्थ घातला तर तिसऱ्या दिवशी तो भार होतो, कारण रोज बघणाऱ्याला तेच वाक्य त्याच जागी ऐकायचं नसतं, म्हणायचं असतं. देशपांडेसाहेबांचे बाबा अर्थाचेच बघतील. मात्र पूर्ण अर्थ एका पाटीवर मावत नाही, तिथे तुम्हाला चार-चार शब्दांच्या ओळींत लिहावं लागेल. ते काम हरिपाठापेक्षा अवघड आहे.

देशपांडे_नाशिक

तरी मला हे पटलेलं नाही. असो.

चकली_भाजणी

जाहिरातीचं काय हो? सासूबाई "पुण्याची गणना" म्हणत असतात आणि मध्येच गुटख्याच्या पुडीसारखं काहीतरी ओरडतं. त्या दचकतात.

खिळेजुळारी

यूट्यूबवर आठ मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओत मध्ये जाहिरात घालता येते. चॅनेल कमाईसाठी लावलेलं असेल तर मालकाला मधल्या जाहिराती बंद ठेवता येतात. नसेल तर यूट्यूब स्वतःहूनही जाहिराती लावू शकतं. खात्रीचा उपाय एकच, एमपी४ फाइल पेनड्राइव्हवर घालून टीव्हीला लावा. नेट नको, जाहिरात नको, आणि व्हिडिओ संपला की पुढे भलतंच काही आपोआप सुरू होत नाही. टीव्हीला चालेल अशी एच.२६४ मध्ये काढा.

आणि शेवटच्या अभंगानंतर एकदम बंद करू नका. "पुंडलीक वरदे हरि विठ्ठल" झालं की चित्र अर्धा-एक मिनिट तसंच राहू द्या. उठायला, हात जोडायला वेळ लागतो.

टाळकरी_फलटण

अभंग २७ घेणार की २८? काही पोथ्यांत शेवटचा "अभंग हरिपाठ असती अठ्ठावीस" हा वेगळा छापतात. आजीची पोथी कुठली ते आधी बघा. आणि "द्वारीं" वर अनुस्वार ठेवणार का, तेही तिच्या पोथीप्रमाणे. पडद्यावर एक आणि तोंडात एक नको.

रानजाई

पोथी काढून बघितली. २८ आहेत आणि अनुस्वार सगळे आहेत, फक्त सहाव्या अभंगाचं पान फाटलंय. तेवढं मंडळातल्या पोथीतून ताडून घेते. आजीला घड्याळ लावून म्हणायला सांगितलं तर तिने पहिलं कडवं नऊ सेकंदांत संपवलं आणि मला म्हणाली, "तुझा काका एवढा रेंगाळणार असेल तर मला नको बाई तो व्हिडिओ."

टाळकरी_फलटण

माऊली!! सांगितलं होतं ना!

अस्मिता_चष्मेवाली

एक कडवं नऊ सेकंदांत म्हणणं आणि अठ्ठावीस अभंग त्याच गतीने म्हणणं यात फरक आहे. पंधराव्या अभंगाला पुन्हा घड्याळ लावा.

रानजाई

आज संध्याकाळी लावते. काकांचं रेकॉर्डिंग रविवारी आहे, तोवर गती ठरवायला हवी. कुणाच्या घरी ऐंशीच्या पुढचं माणूस रोज म्हणत असेल तर त्यांचंही पंधराव्याचं मोजून इथे टाका ना.